चूक हाताची, जबाब कोणाचा?

नोंदींत मोठी चूक सापडली की छोट्या संस्थेत जी बैठक बसते, तशा बऱ्याच बैठकांना मी आजवर बसलो आहे. पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हे भरले कोणी?’ भरणारी म्हणते, मला कागदावर जसे मिळाले तसे मी भरले. कागद देणारा म्हणतो, माझा कागद बरोबर होता, सॉफ्टवेअरने बिघडवले. सॉफ्टवेअर सांभाळणारा म्हणतो, त्या आकड्यांचा अर्थ मला काय ठाऊक, मी फक्त ते जपतो. तासाभराने कोणीतरी समजूतदार माणूस तोडगा काढतो की डेटा ही आपल्या सगळ्यांचीच जबाबदारी आहे, यापुढे सगळ्यांनीच काळजी घ्यायची. माना डोलतात, बैठक उठते आणि ज्या ग्राहकाला चुकीची माहिती गेली त्याला फोन कोणी करायचा, हे ठरलेले नसते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. संस्था दहा माणसांची असो की पन्नास, डेटाच्या प्रत्येक गटासाठी एकच नाव लिहिलेले असावे, आणि ते नाव त्या डेटावर निर्णय घेणाऱ्या माणसाचे असावे. चूक कोणाच्याही हातून होवो, बाहेरच्या माणसाला जबाब त्या नावाने द्यायचा. रोजची निगा राखणारा आणि यंत्रणा सांभाळणारा यांच्या जबाबदाऱ्या खऱ्या आहेत, पण त्या आतल्या आहेत आणि त्यांचा हिशोब त्या एका माणसाकडे होतो. ‘कोणाचा हात चुकला’ आणि ‘जबाब कोणाचा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सापडले की दुसऱ्याचेही सापडले असे धरून चालणे, हीच या वादातली मुख्य गफलत आहे.

या कामासाठी रूढ झालेले तीन शब्द म्हणजे डेटा ओनर, डेटा स्टुअर्ड आणि डेटा कस्टोडियन. ओनर म्हणजे डेटा कशासाठी आहे, त्यात काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवणारा. स्टुअर्ड म्हणजे ते ठरलेले रोजच्या रोज पाळले जाते की नाही हे पाहणारा, म्हणजे आपल्या भाषेत कारभारी. कस्टोडियन म्हणजे डेटा ज्या यंत्रणेत राहतो ती सांभाळणारा, बॅकअप घेणारा, कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा ते सांगितल्याप्रमाणे लावून देणारा. त्याला राखणदार म्हणू. अडचण होते ती ‘ओनर’ या शब्दाची. त्याचे सरळ मराठी ‘मालक’ होते आणि छोट्या संस्थेत मालक नावाचा एक माणूस आधीच बसलेला असतो. ‘डेटाचा मालक कोण’ असे विचारले की सगळ्यांची नजर त्याच्या खोलीकडे वळते आणि यादीतल्या प्रत्येक ओळीत एकच नाव पडते. म्हणून मी हा शब्द टाळतो. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे: जबाबदार. जबाब देणारा तो जबाबदार. रोजच्या वापरात त्यातला ‘जबाब’ झिजला आणि ‘दोषी’ हा अर्थ येऊन चिकटला. या लेखात तो मूळच्या अर्थानेच वापरतो.

आता एक प्रसंग. संस्था चाळीसेक माणसांची, मोजमापाची उपकरणे तपासून देणारी. वजनकाटे, तापमापक, दाबमापक अशी ग्राहकांची उपकरणे वर्षातून एकदा तपासायची, प्रमाणपत्र द्यायचे, उपकरणावर पुढच्या तारखेचे लेबल चिकटवायचे आणि वर्ष संपत आले की ग्राहकाला आठवण करायची, असे तिचे काम. तीन हजारांच्या आसपास उपकरणांची नोंद स्प्रेडशीटमध्ये होती. जून महिन्यात ती सगळी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेली. तारखा लिहिलेल्या होत्या दिवस, महिना, वर्ष या क्रमाने, म्हणजे `DD/MM/YYYY`. ज्या संगणकावरून फाइल चढवली तिथे मांडणी होती `MM/DD/YYYY`.

याचा परिणाम नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा वाद त्यावरच उभा आहे. १८ जुलैची तारीख ‘१८/०७’ अशी लिहिलेली असेल, तर यंत्र अठरावा महिना शोधते, तो सापडत नाही, आणि ती ओळ नाकारली जाते. पण १० जुलै म्हणजे ‘१०/०७’. ही ओळ यंत्र मुकाट्याने घेते आणि ७ ऑक्टोबर म्हणून ठेवते. वर्षाच्या ३६५ तारखांपैकी २२१ तारखांचा दिवस बारापेक्षा मोठा असतो, त्या नाकारल्या जातात. उरलेल्या १४४ स्वीकारल्या जातात. त्यांतल्या १२ तारखांत, म्हणजे ५ मे किंवा ८ ऑगस्ट अशांत, दिवस आणि महिना एकच असल्याने काही बिघडत नाही. बाकीच्या १३२ उलट्या होऊन बसतात. तारखा वर्षभर सारख्या विखुरलेल्या धरल्या तर शंभरातल्या छत्तीस नोंदी चुकीच्या, आणि त्यांतल्या एकीचीही तक्रार यंत्र करत नाही.

सॉफ्टवेअर सांभाळायला बाहेरचा एक जाणकार होता. त्याला नाकारलेल्या ओळींची यादी मिळाली, निम्म्याहून बरीच मोठी. तारखेच्या मांडणीचा घोटाळा आहे हे त्याने लगेच ओळखले. त्या ओळींमधल्या तारखा बदलून घेतल्या आणि त्या पुन्हा चढवल्या. या वेळी एकही ओळ नाकारली गेली नाही. जुन्यात जितक्या ओळी होत्या तितक्या नव्यात आल्या. त्याने कळवले, ‘इम्पोर्ट पूर्ण, त्रुटी शून्य’. त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. यंत्राने दाखवलेली प्रत्येक चूक त्याने दुरुस्त केली होती, आणि नेमक्या यंत्राने न दाखवलेल्या चुका तशाच आत राहिल्या.

सप्टेंबरमध्ये एका ग्राहकाकडे तपासनीस आला. दाबमापकावरचे लेबल सांगत होते की मुदत १० जुलैला संपली. संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढची तारीख ७ ऑक्टोबर होती, म्हणून आठवण गेलीच नव्हती. बैठक बसली, आणि मी सुरुवातीला सांगितला तो संवाद जवळपास शब्दशः झाला.

बाहेरच्या जाणकाराने चूक केली, त्याच्याकडून भरपाई घ्या आणि विषय संपवा, हे त्या बैठकीतले सर्वांत सोपे उत्तर होते. त्यात तथ्य आहे. मांडणी त्याने आधी तपासायला हवी होती. त्याहून गंभीर म्हणजे हजारभराहून जास्त ओळींतली मूल्ये त्याने कोणाला न विचारता बदलली आणि काय बदलले याची टीपही दिली नाही. राखणदाराचा हा खरा दोष आहे आणि तो त्याच्या पदरात घातलाच पाहिजे. पण तेवढ्याने जबाब पुरा होतो का? रोमन कायद्यात या प्रश्नाचा जुना विचार सापडतो. ‘कस्टोडियन’ हा शब्द ज्यावरून आला तो ‘कुस्तोदिया’ हा शब्द तिथे ठेव सांभाळण्याच्या जबाबदारीसाठी होता. मोबदला घेऊन कोठार चालवणारा चोरीला गेलेल्या मालाचा देणेकरी असे. पोत्यातले धान्य आत येतानाच किडके होते का, याचा जबाब त्याच्याकडे नसे, कारण ते पारखण्याचे काम त्याला कोणी दिलेलेच नव्हते. दिले ते जसेच्या तसे परत करणे, एवढाच त्याचा करार. आपला जाणकार चुकला तो इथेच. ठेव त्याने जशीच्या तशी ठेवली नाही. पण तारीख बरोबर आहे की नाही हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते, आणि ते त्याच्याजवळ असावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

ते साधन कोणाजवळ होते? सेवा विभागाच्या प्रमुखाजवळ. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आपली माणसे तपासणीला जात नाहीत हे त्याला ठाऊक होते. उलटलेल्या तारखा आठवड्याच्या सगळ्या वारांवर पडतात, त्यामुळे साधारण सातातली एक नेमकी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसली होती. ‘सुट्टीच्या वारी झालेल्या तपासण्या दाखवा’ एवढे त्याने विचारले असते तरी पडदा भरून गेला असता. त्याहून ढळढळीत गोष्ट म्हणजे ११ मार्चची तपासणी ३ नोव्हेंबरची होऊन बसली होती. जून महिन्यात सॉफ्टवेअर सांगत होते की अमुक उपकरण येत्या नोव्हेंबरात तपासले गेले! ‘शेवटच्या तपासणीची तारीख भविष्यातली असू शकत नाही’ हा नियम जगातले कोणतेही सॉफ्टवेअर एका ओळीत पाळू शकते, पण तो नियम आहे हे कोणीतरी सांगावे लागते. तो सांगण्याचा अधिकार आणि ज्ञान दोन्ही ज्याच्याजवळ होते, त्याला कोणी विचारले नाही. त्यानेही आपण होऊन पाहिले नाही, कारण हा डेटा आपला आहे हे त्याच्या मनातच नव्हते. त्याच्या दृष्टीने ती ‘कॉम्प्युटरची गोष्ट’ होती.

हाताकडे बोट दाखवून थांबण्याचा तोटा १९९९ मध्ये फार मोठ्या किमतीवर दिसला. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर यानाच्या छोट्या धक्क्यांचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होते आणि ते वापरणारे ते न्यूटन-सेकंद समजत होते. फरक जवळपास साडेचार पटींचा. सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी कोणती हे सगळ्यांना माहीत होते, करारात मेट्रिक एकके लिहिली होती हेही माहीत होते. दोष एका वाक्यात लावून टाकणे सहज शक्य होते. तरी नासाने जाहीरपणे घेतलेली भूमिका अशी होती की माणसाकडून चुका होतातच, खरे अपयश ती चूक वेळेत पकडू न शकलेल्या आमच्या तपासणीच्या व्यवस्थेचे आहे. प्रवासाच्या काळात मार्ग आखणाऱ्यांना आकड्यांत काहीतरी खटकले होते, पण ती शंका औपचारिकपणे कोणाच्या टेबलावर जाऊन सुटली नाही. शंका होती, पण ती निर्णय घेणाऱ्या नावापर्यंत पोहोचली नाही. आपल्या चाळीस माणसांच्या संस्थेतही हुबेहूब हेच घडले होते.

ते असे. नोंदी सांभाळणारी एक सहायक होती, कागदावर पद काहीही असो, कामाने ती कारभारीच. जून अखेरीलाच तिला सॉफ्टवेअरने मुदत उलटून गेलेल्या उपकरणांची भलीमोठी यादी दाखवली. तिने एका ग्राहकाला फोन लावला. तो म्हणाला, ‘अहो ताई, आमच्या काट्यावर तर ३ सप्टेंबरचे लेबल आहे.’ तिने प्रमाणपत्राची प्रत काढली, ३ सप्टेंबर होते. सॉफ्टवेअरमध्ये ९ मार्च होते. तिने तारीख दुरुस्त केली आणि पुढच्या कामाला लागली. असे तिने तीन महिन्यांत कित्येकदा केले. दिवसाचा आकडा महिन्याच्या आकड्यापेक्षा लहान असला की उलटलेली तारीख मागे जाते, आठवण लवकर जाते, ग्राहक फोनवर सांगतो आणि चूक कळते. दिवसाचा आकडा मोठा असला की तारीख पुढे जाते, आठवण उशिरा जाते, आणि कोणीच फोन करत नाही. म्हणजे निरुपद्रवी निम्म्या चुका तिच्यापर्यंत पोहोचत होत्या आणि धोक्याच्या निम्म्या गप्प होत्या. बैठकीत तिला विचारले गेले, ‘तुम्हाला दिसत होते तर बोलला का नाहीत?’ ती म्हणाली, ‘कोणाला सांगायचे होते?’ या प्रश्नावर बैठकीत कोणाकडेच उत्तर नव्हते.

‘डेटा सगळ्यांचा’ या तोडग्याला माझा जो विरोध आहे तो या तिच्या प्रश्नामुळे. त्या तोडग्यामागची भावना चांगली आहे आणि एका अर्थी ते खरेही आहे. नोंद करणाऱ्या प्रत्येकाने नीट नोंद करावी, चूक दिसली तर बोलावे, हे सगळ्यांचेच काम. पण चूक दिसलेल्या माणसाने बोलायचे कोणाशी, हे त्यातून कळत नाही. सगळ्यांशी बोलणे म्हणजे कोणाशीच न बोलणे. ‘आओ जाओ घर तुम्हारा’ म्हणून चालणाऱ्या घराची कडी रात्री कोण लावतो?

आता मला सर्वांत वजनदार वाटणारा आक्षेप. ही तिहेरी रचना मुळात मोठ्यांची आहे. २००८ च्या आर्थिक संकटात जोखमीचे आकडे वेळेवर आणि धड मिळत नाहीत हे बँकांना कळून चुकले. त्यानंतर जानेवारी २०१३ मध्ये बँकांवरच्या देखरेखीचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय बाझल समितीने जोखीम-डेटाबद्दलची तत्त्वे काढली आणि मोठ्या बँकांत डेटा ओनर नेमण्याला जोर आला. त्यांच्याकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. चाळीस माणसांच्या संस्थेत तीच तीन माणसे सगळीकडे असतात. तक्ता करायचा, नावे भरायची, फाइलला लावायचा आणि विसरायचे, हेच होणार. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. तक्ते विसरले जातात, मी स्वतः पाहिले आहे. समित्या, मासिक अहवाल, डेटाचा शब्दकोश, हे सगळे छोट्या संस्थेने करू नये असेच मी सांगेन.

पण माणसे कमी आहेत हे कारण नावे नसण्याला पुरत नाही. एका माणसाने दोन टोप्या घालायला हरकत नाही, कोणत्या दोन हे मात्र पाहावे लागते. जबाबदार आणि कारभारी एकच असला तर चालते. छोट्या विभागात प्रमुखच नोंदी तपासतो, त्यात काही बिघडत नाही. चालत नाही ते एवढेच, की ज्याच्या हातात मूल्ये बदलण्याची ताकद आहे त्यानेच बदल बरोबर झाला असे प्रमाणपत्र द्यावे. आपल्या प्रसंगात नेमके हेच झाले होते. जाणकाराने बदल केला, त्यानेच ओळी मोजल्या आणि त्यानेच ‘त्रुटी शून्य’ लिहिले. पैशाच्या व्यवहारात ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. रोकड सांभाळणारा आणि हिशोब तपासणारा वेगळा असावा हे दोन माणसांच्या कचेरीतही पाळतात. इटलीत लुका पाचोलीने १४९४ मध्ये दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली, तेव्हा ती छोट्या व्यापाऱ्यांनी वापरू नये असे कोणी म्हटले असेल का? उलट ज्याच्याजवळ चूक पोटात घालण्याएवढी गंगाजळी नाही, त्याला अशा पडताळणीची गरज जास्त. रोकडीला जे लागू, ते तारखेला का नको?

आणि हे करायला किती वेळ लागला असता, तोही हिशोब मांडतो. ओळींची मोजणी इथे निरुपयोगी होती, कारण उलटलेली तारीखही ओळ म्हणून मोजली जातेच. वर्षवार बेरीजही जुळली असती, कारण वर्ष बदलतच नाही. लागली असती ती मूळ प्रमाणपत्राशी पडताळणी, आणि तीही थोडीच. शंभरातल्या छत्तीस नोंदी चुकीच्या असतील आणि तुम्ही कोणतीही दहा प्रमाणपत्रे डोळे मिटून काढली, तर दहाच्या दहा बरोबर निघण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास येते. म्हणजे दहा प्रमाणपत्रे आणि अर्धा तास. अट एकच, की ती दहा सेवा प्रमुखाने किंवा त्याच्या सांगण्यावरून सहायकाने काढावीत. जाणकाराने आपण दुरुस्त केलेल्या ओळींतून दहा काढल्या असत्या, तर त्या दहाही बरोबर निघाल्या असत्या. चूक अशी ढोबळ असेल तर दहा पुरतात. हजारात दोन-तीन अशी विरळ चूक दहा नोंदींत सापडणार नाही, तिथे नियमच लावावे लागतात. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की जबाबदार ठरवण्याचे ओझे छोट्या संस्थेला न पेलणारे नव्हते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो माणुसकीतून येतो म्हणून त्याला मी हलके लेखत नाही. ज्याने फाइल पाहिलीही नाही त्या प्रमुखाने दुसऱ्याच्या चुकीचा जबाब का द्यायचा? असे केले तर प्रमुख भीतीपोटी ओझे खाली ढकलतील, सहायकेच्या डोक्यावर ठेवतील, आणि लोक चुका लपवायला शिकतील. ही भीती खरी आहे. जिथे जबाब म्हणजे शिक्षा असते तिथे हेच होते. पण जबाब म्हणजे नेमके काय द्यायचे, हे त्या सप्टेंबरातच पाहा.

ग्राहकाचा प्रश्न होता: ‘१० जुलैपासून आम्ही या दाबमापकावर जी मापे घेतली, ती धरायची की टाकायची?’ याचे उत्तर जाणकार देऊ शकत नव्हता आणि सहायकही. त्यासाठी उपकरण परत आणून, त्याला हात न लावता, आल्या स्थितीत काय वाचन देते ते आधी घ्यावे लागते. वाचन ठरलेल्या मर्यादेत असेल तर मधल्या काळातली मापे टिकतात. मर्यादेबाहेर असेल तर ग्राहकाला सांगावे लागते की एवढ्या काळातले काम पुन्हा पाहा. मग अशी उशिरा गेलेली उपकरणे किती, त्यांतली कोणती आधी आणायची, कोणाला आजच वापर थांबवायला सांगायचे, हे ठरवावे लागते. हे सगळे निर्णय सेवा प्रमुखाचेच होते, चुकीच्या आधीही आणि नंतरही. त्याचे नाव जबाबदार म्हणून लिहिणे म्हणजे त्याच्यावर दुसऱ्याचे पाप लादणे नव्हते. जे फक्त तोच करू शकत होता ते त्याच्या नावावर मांडणे होते. काय झाले, कोणाला झळ पोहोचली, काय दुरुस्त केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोणता अडसर घातला, एवढे सांगणे म्हणजे जबाब. त्यात कोणाचा पगार कापायचा हा भाग येत नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या डेटा-संरक्षण कायद्यानेही वैयक्तिक माहितीच्या अचूकतेचा जबाब माहिती कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्यावर ठेवला आहे. त्याच्या वतीने ती हाताळणाऱ्याची कर्तव्ये वेगळी लिहिली आहेत, पण त्याला पुढे करून ठरवणाऱ्याला सुटता येत नाही. दंडाची भाषा बाजूला ठेवली तरी त्यामागचा विचार रास्त आहे: ज्याच्या हेतूसाठी डेटा आहे, त्याच्याकडे तो बरोबर ठेवण्याची निकड असते.

दुरुस्तीच्या वेळी तर हे आणखी स्पष्ट झाले. पहिली सूचना आली की दिवस बारा किंवा कमी असलेल्या सगळ्या तारखा पुन्हा उलटवा, एका आज्ञेत काम होईल. तसे केले असते तर सहायकेने हाताने दुरुस्त केलेल्या तारखा परत बिघडल्या असत्या, आणि जूननंतर नव्याने, बरोबर भरलेल्या तारखाही. तिच्या दुरुस्त्यांची वही नव्हती, म्हणून कोणत्या तारखांना हात लावायचा नाही हे सांगता येत नव्हते. सुदैवाने जाणकाराने जूनची मूळ फाइल जपून ठेवली होती, आणि राखणदार म्हणून ते त्याचे चोख काम होते. ती फाइल मांडणी स्पष्ट सांगून वेगळ्या जागी चढवली आणि आताच्या नोंदींशी ओळीगणिक ताडून पाहिली. जिथे फरक फक्त दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचा होता तिथे मूळ तारीख घेतली. बाकीचे फरक सहायकेने प्रमाणपत्र काढून एकेक करून तपासले. तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली: काही ठिकाणी तारीख तपासणीची होती, काही ठिकाणी प्रमाणपत्र दिल्याची, आणि दोन्हींत काही दिवसांचे अंतर. ‘शेवटची तारीख’ म्हणजे कोणती, हे आजवर कोणी ठरवलेच नव्हते. ते तिने विचारले, आणि प्रमुखाने तपासणीची तारीख धरायची असे ठरवले. कारभाऱ्याने प्रश्न उचलायचा आणि जबाबदाराने तो मिटवायचा, ही वाटणी इतकी साधी असते.

त्या संस्थेत आता एका पानावर पाच ओळी आहेत: ग्राहक, उपकरणे, साठा, हिशोब, कर्मचारी. प्रत्येक ओळीत तीन नावे, आणि शंका आली तर कोणता मूळ कागद खरा धरायचा ते. बाहेरच्या जाणकाराच्या करारात दोन वाक्ये वाढली: नाकारलेल्या ओळींची यादी आहे तशी द्यायची, आणि जबाबदाराच्या लेखी परवानगीशिवाय कोणतेही मूल्य बदलायचे नाही. सहायकेजवळ दुरुस्त्यांची वही आली. एकाच प्रकारची दुरुस्ती तिसऱ्यांदा लिहिली गेली की तिने प्रमुखाला सांगायचे, आणि त्याने त्याच दिवशी कारण शोधायला लावायचे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. नाव लिहिले पण अधिकार दिला नाही, तर ते नाव म्हणजे बळीचा बकरा. जूनमध्ये सेवा प्रमुखाने ‘आठवडाभर थांबा, मला दहा प्रमाणपत्रे पाहू द्या’ असे म्हटले असते तर त्याचे ऐकले गेले असते का? मी त्यालाच हे विचारले. तो म्हणाला, ‘नाही. जुन्या स्प्रेडशीटच्या सॉफ्टवेअरची मुदत संपत होती, संचालकांनी तारीख ठरवून टाकली होती.’ मग मी संचालकांसमोर ते पान ठेवले आणि सांगितले की जो इम्पोर्ट थांबवू शकतो त्याचेच नाव पहिल्या रकान्यात शोभते. एकतर थांबवण्याचा अधिकार प्रमुखाला लिहून द्या, नाहीतर उपकरणांच्या ओळीत तुमचे नाव घाला आणि पुढच्या सप्टेंबरात ग्राहकाचा फोन तुम्ही घ्या. ते बराच वेळ पानाकडे पाहत राहिले. मग प्रमुखाच्या नावापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘यांच्या सहीशिवाय डेटा चढवू नये’, आणि खाली तारीख घातली. महिना अक्षरांत लिहिला होता.